हवा अडवते, तरी उपग्रह पळतो कसा? (अकरावीचा एक गुण आणि माझी झोप)

चिंगीची_आई | सोमवार, रात्री ९:४०

लेक अकरावीला आहे. क्लासच्या चाचणीत तिला एक प्रश्न आला होता: "वातावरणाच्या रोधामुळे उपग्रहाची कक्षा हळूहळू लहान होते. त्याची गतिज ऊर्जा (अ) कमी होते (ब) वाढते (क) तेवढीच राहते." तिने (ब) लिहिलं. उत्तरपत्रिकेवर लाल फुली, आणि शेजारी सरांच्या अक्षरात "घर्षणाने ऊर्जा कमी होते!" उद्गारचिन्हासकट.

ती म्हणते की खालच्या कक्षेत वेग जास्त असतो, सूत्रातच आहे. मी बी.कॉम. मला सरांचं पटतं, कारण सायकलला ब्रेक लावला की सायकल हळू होते. पण तिचं सूत्रही समोर दिसतंय. दोघांपैकी एक चुकतंय की दोघं बरोबर आहेत? समजेल असं सांगा प्लीज. गुणापेक्षा तिची धुसफुस जास्त झाली आहे.

---

पिंपळपान | सोमवार, रात्री १०:०५

लेक बरोबर. कारण अगदी सोपं आहे. बर्फावर गिरकी घेणारी मुलगी हात पोटाशी घेते आणि जोरात फिरायला लागते, बघितलंय ना? तेच. उपग्रह पृथ्वीच्या जवळ आला की कोनीय संवेग कायम ठेवण्यासाठी वेग वाढतो. संपला विषय.

---

टोकदार | सोमवार, रात्री १०:२२

संपला नाही. प्रश्नच अर्धवट आहे. कक्षा वर्तुळाकार आहे की लंबवर्तुळाकार, हे दिलेलंच नाही. सरांनी आधी प्रश्न नीट काढावा.

---

नाना_वाईकर | सोमवार, रात्री १०:४८

म्हणजे उपग्रह हळूहळू खाली येतात असं म्हणताय? मग बरोबर. आमच्या डिशला पंधरा दिवस झाले चॅनेल तुटक तुटक येतायत. आधी वाटलं पाऊस. पाऊस थांबला तरी तेच. उपग्रह खाली घसरला असेल तर कंपनीला कळवायचं का? रिचार्ज वर्षाचा भरलाय.

---

कक्षा_कारकून | मंगळवार, सकाळी ७:१५

नोकरीची बरीच वर्षं हासनच्या मास्टर कंट्रोल फॅसिलिटीत गेली. रोजचं काम म्हणजे उपग्रह कुठे आहे ते बघायचं आणि जिथे असायला हवा तिथे ढकलायचा. सकाळचा चहा होईपर्यंत लिहितो, जरा लांबेल.

ताई, मुलगी बरोबर आहे. सरांच्या वाक्यातही एक शब्द बरोबर आहे. घर्षणाने *एकूण* ऊर्जा कमी होते. गतिज नव्हे. सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे.

वर्तुळाकार कक्षेत उपग्रहाचा हिशोब असा असतो:

```
K = GMm / 2r
U = -GMm / r
E = K + U = -GMm / 2r
```

K ही पळण्याची ऊर्जा, U ही उंचीची, E ही दोन्हींची बेरीज. E ऋण आहे, म्हणजे उपग्रह पृथ्वीच्या कर्जात आहे, सुटून जाण्याइतकी शिल्लक त्याच्याकडे नाही. आता r, म्हणजे पृथ्वीच्या मध्यापासूनचं अंतर, कमी करून बघा. K वाढते, E आणखी खाली जाते, आणि U त्याच्या दुप्पट खाली जाते. सूत्र एवढंच सांगतं.

आकडे घालू. एक टनाचा उपग्रह ४०० किलोमीटर उंचीवरून ३०० किलोमीटरवर उतरला. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ धरली तर r झाला ६,७७१ वरून ६,६७१ किलोमीटर. वरचा वेग सेकंदाला ७,६७३ मीटर, खालचा ७,७३०. वाढला ५७ मीटरने. फेरीला आधी ९२.४ मिनिटं लागायची, आता ९०.४.

ऊर्जेचं बघा. गतिज ऊर्जा ४४ कोटी ज्यूलने वाढली. उंचीची ऊर्जा ८८ कोटींनी घटली. उरलेले ४४ कोटी हवेला तापवण्यात गेले. ताई, तुम्ही बी.कॉम. आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो: उंचीच्या खात्यातून दोन रुपये निघाले, एक हवेने खाल्ला, एक वेगाच्या खात्यात जमा झाला. हवा जितकं खाते नेमकं तितकंच वेगात जमा होतं.

४४ कोटी ज्यूल ऐकायला भलं मोठं वाटतं. विजेच्या बिलात ते जेमतेम १२२ युनिट होतात.

---

चिंगीची_आई | मंगळवार, सकाळी ९:३०

खात्यांचं लगेच कळलं. पण एक अडतंय. हिशोब जुळला म्हणून उपग्रह पळेल असं थोडंच आहे? हवा तर समोरून मागे ढकलते. मग पुढे ढकलतं कोण?

---

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ९:४४

सांगितलं ना, गिरकीवाली मुलगी.

---

कक्षा_कारकून | मंगळवार, दुपारी १:१०

पिंपळपान, तुमची गिरकी इथे चालत नाही. आकड्यानेच दाखवतो. कोनीय संवेग कायम राहिला असता तर वेग r च्या उलट प्रमाणात वाढला असता. ७,६७३ गुणिले ६,७७१ भागिले ६,६७१ करा. ७,७८८ येतात. म्हणजे वाढ ११५ मीटरची. खरी वाढ ५७ ची, निम्मी. ११५ वाल्या हिशोबात गतिज ऊर्जा ८८ कोटींनी वाढते, म्हणजे उंचीच्या खात्यातले सगळेच पैसे वेगात आले आणि हवेला छदामही मिळाला नाही. जिथे हवाच नाही तिथली ती गोष्ट झाली. हवा मागे ढकलते तेव्हा ती कोनीय संवेग काढूनच घेत असते, तो कायम कसा राहील?

ताई, तुमचा प्रश्न चांगला आहे. ढकलतं कोण, तर गुरुत्वाकर्षण.

उपग्रह वर्तुळात फिरतो तेव्हा गुरुत्वाकर्षण त्याच्या धावण्याच्या दिशेला बरोबर काटकोनात असतं, म्हणून ते वेग वाढवत नाही की घटवत नाही, नुसतं वळवतं. हवेने किंचित अडवलं की वाट वर्तुळ राहत नाही, तिला अगदी बारीक उतार लागतो. उतार लागला की गुरुत्वाकर्षणाचा एक छोटासा हिस्सा पुढच्या दिशेला येतो, घाटात गाडी न्यूट्रलला टाकल्यावर येतो तसा. हा हिस्सा हवेच्या रोधाच्या बरोबर दुप्पट असतो. दोन पुढे, एक मागे. राहिला एक पुढे.

उतार किती? त्याच एक टनाच्या उपग्रहाचं समोरचं क्षेत्रफळ चार चौरस मीटर धरा. ४०० किलोमीटरवर हवा त्याला मागे ढकलते ती साधारण तीन-चार तांदळाच्या दाण्यांच्या वजनाइतक्या बळाने. सूर्य शांत आहे की खवळलेला यावर हा आकडा कित्येक पटींनी बदलतो, म्हणून अंदाजच समजा. एवढ्याशा बळाने तो दिवसाला सुमारे १२० मीटर खाली येतो, आणि त्याच दिवसात साडेसहा लाख किलोमीटर धावतो. साडेसहा लाख किलोमीटरच्या रस्त्याला १२० मीटर उतार! एवढा सपाट रस्ता कुठल्याही कंत्राटदाराने बांधला नसेल. तरी उतार आहे, आणि तेवढा पुरतो.

---

पिंपळपान | मंगळवार, दुपारी २:०२

निम्मं आलं हे मान्य. पण दिशा तर बरोबर सांगितली होती की! वाढतो म्हटलं, वाढलाच.

---

टोकदार | मंगळवार, दुपारी २:१५

बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं.

आणि माझा मुद्दा कोणी घेतलाच नाही. कारकूनसाहेब, वर्तुळ सोडा. जीएसएलव्हीने उपग्रह सोडला की तो आधी लांबट कक्षेत जातो, एक टोक जमिनीपासून १८० किलोमीटरवर, दुसरं ३६ हजारांच्या आसपास. समजा तो तिथेच अडकला. हवा फक्त खालच्या टोकाला चावते. तिथे त्याचा वेग सेकंदाला १०.३ किलोमीटर. दर फेरीला थोडा ब्रेक लागतो, म्हणून वरचं टोक खाली खाली येतं, खालचं जवळपास तिथेच राहतं. शेवटी कक्षा गोल होते १८० किलोमीटरवर, आणि तिथला वेग ७.८. म्हणजे खालच्या टोकाचा वेग १०.३ वरून ७.८ वर आला. *कमी* झाला. आता सर बरोबर की नाही?

---

कक्षा_कारकून | मंगळवार, रात्री ८:३५

आकडे बरोबर आहेत आणि मुद्दाही. त्या एका ठिकाणी उभं राहून मोजलं तर वेग घटलेला दिसेल. पण त्या लांबट कक्षेत तो बहुतेक वेळ वर रेंगाळत असतो, वरच्या टोकाला सेकंदाला जेमतेम १.६ किलोमीटरने. साडेदहा तासांच्या फेरीत खालची धावपळ क्षणभराची. पूर्ण फेरीची वेळेनुसार सरासरी काढली तर गतिज ऊर्जा GMm/2a येते, a म्हणजे कक्षेच्या लांब व्यासाचा अर्धा. a घटला, सरासरी वाढली. फेरीचा काळही साडेदहा तासांवरून दीड तासाच्या आत येतो.

प्रश्नात "हळूहळू लहान होते" एवढंच असेल तर अकरावीत वर्तुळच धरतात. "वर्तुळाकार" हा शब्द हवा होता हे मात्र खरं.

---

टोकदार | मंगळवार, रात्री ८:४१

धन्यवाद. हा शब्द प्रिंट काढून क्लासला चिकटवा.

---

गच्चीवरची_प्राजक्ता | मंगळवार, रात्री ११:२०

हे वाचताना मला माझा एक जुना राग आठवला. मी आणि मुलगा नाशिकला गच्चीवरून अंतराळ स्थानक बघतो. एकदा वेळांची यादी आधीच छापून फ्रिजला लावली होती. दहाव्या दिवशी शेजारपाजारचे आठ-दहा जण जमवले, सगळे माना वर करून बसलेत, वेळ झाली आणि काहीच नाही. चार मिनिटं झाली. दोघं खाली गेले. मग आलं ते, झकास, जवळजवळ साडेचार मिनिटं उशिरा. नंतर शोधलं तर कळलं, मधल्या काळात त्यांनी इंजिनं चालवून स्थानक वर ढकललं होतं.

मला तेव्हापासून कोडं आहे. इंजिनाने पुढे ढकललं तर लवकर यायला हवं ना? उशीर का?

---

कक्षा_कारकून | बुधवार, सकाळी ७:०५

ताईंच्या प्रश्नाची ही उलटी बाजू. हवेने मागे ढकललं की उपग्रह लवकर येतो, इंजिनाने पुढे ढकललं की उशिरा येतो. पुढे ढकलून तुम्ही त्याला वर चढवता, आणि वर गेला की वर्तुळ मोठं आणि चाल मंद.

साधारण १.४ किलोमीटर वर ढकललं तर दर फेरीला पावणेदोन सेकंद जास्त लागतात. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे रोजचा २७ सेकंद उशीर. दहा दिवसांत साडेचार मिनिटं. तुमच्या गच्चीवरच्या घड्याळाने कक्षेतला १.४ किलोमीटरचा बदल मोजला म्हणा ना.

या गोष्टीने चांगली चांगली माणसं फसली आहेत. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ मधून जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटच्या सुटून गेलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. टप्पा समोर दिसतोय, म्हणून त्याच्या दिशेने इंजिन मारलं. जवळ जायच्या ऐवजी अंतर वाढत गेलं. इंधन निम्म्यावर आलं तेव्हा नाद सोडावा लागला. गाडी चालवणाऱ्याची सवय कक्षेत घात करते. पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक लावून खाली उतरायचं, आतल्या छोट्या वर्तुळातून त्याच्या पुढे जायचं, मग वर यायचं. डिसेंबरात जेमिनी ६ए ने जेमिनी ७ ला असंच खालून येऊन गाठलं.

---

चिंगीची_आई | बुधवार, सकाळी ११:५०

लेकीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं: मग उपग्रह वेग वाढवत वाढवत शेवटी जमिनीवर सगळ्यात जोरात आदळतो का? आणि हवेचा एवढासा दाब, चार तांदूळ, याने कोणी खरंच पडलंय का?

---

कक्षा_कारकून | बुधवार, रात्री ९:१५

पहिल्याचं उत्तर: नाही. माझा सगळा हिशोब एका अटीवर उभा आहे, की दर फेरीत होणारी घट किरकोळ आहे आणि कक्षा प्रत्येक क्षणी जवळजवळ वर्तुळ आहे. खाली हवा दाट होत जाते, आणि १२० किलोमीटरच्या आसपास ही अट ढासळायला लागते. तिथे फेरी पूर्ण व्हायच्या आतच खेळ आटोपतो. रोध इतका वाढतो की उतारावरून मिळणारं बळ त्याला पुरं पडत नाही. मग सायकलचा ब्रेक लागतो तसाच लागतो, सरांच्या मनातला. म्हणजे सर शेवटच्या काही मिनिटांपुरते बरोबर आहेत.

दुसऱ्याचं उत्तर: हो, आणि एकदम डझनांनी. ३ फेब्रुवारी २०२२ ला स्पेसएक्सने ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले. तेव्हा ते आधी मुद्दाम खाली, २१० किलोमीटरच्या आसपास सोडायचे. तपासणीत एखादा नादुरुस्त निघाला तर तो आपोआप लवकर पडून जळावा, वर कचरा राहू नये. चांगले निघाले की आपल्या इंजिनाने वर चढतात. दुसऱ्या दिवशी सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. वादळ म्हणजे मोठं नव्हतं, बेताचंच होतं. पण त्याने वरची हवा तापली, फुगली, आणि २१० किलोमीटरवरचा रोध आधीच्या उड्डाणांच्या तुलनेत ५० टक्क्यांपर्यंत वाढला.

मग उपग्रहांना आडवं केलं, कागदाची कड वाऱ्याला द्यावी तसं, की रोध कमी बसावा. पण आडव्या अवस्थेतून सरळ होऊन इंजिन चालवायचं तर रोध वाढतो, आणि आडवं राहावं तर वर चढता येत नाही. ४९ पैकी ३८ गेले.

कळतं कसं, तर प्राजक्ताताईंच्या गच्चीवर कळलं तसंच, घड्याळाने. रडारवर उपग्रह अंदाजापेक्षा आधी उगवायला लागला की समजायचं, खाली चाललाय. स्पुटनिक १ चंही तेच. ४ ऑक्टोबर १९५७ ला तो वर गेला तेव्हा फेरीला ९६ मिनिटांहून थोडं जास्त लागायचं. फेरी आखडत गेली, आणि ४ जानेवारी १९५८ ला तो जळाला.

---

नाना_वाईकर | बुधवार, रात्री १०:३०

बघा, म्हणजे पडतातच. वादळ आलं होतं का मागच्या पंधरवड्यात? आमचं डिश त्यामुळेच असणार.

---

टोकदार | बुधवार, रात्री १०:३३

नाना, तुमचा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे. तिथे हवा नाही. पडायचा झाला तरी तुमच्या रिचार्जची मुदत आधी संपेल.

---

चिंगीची_आई | गुरुवार, सकाळी ८:२०

३६ हजारवरून आठवलं. लेकीने गृहपाठात भूस्थिर उपग्रहाची त्रिज्या काढली, ४२ हजार २४१ आली. पुस्तकात मागे उत्तर ३५ हजार ७८६. टोकदार म्हणतात ३६ हजार. कॅल्क्युलेटर तिसऱ्यांदा दाबून झाला. यात काय चुकलं?

---

पिंपळपान | गुरुवार, सकाळी ८:५५

हे मला येतं! तिने त्रिज्या काढली, पुस्तकाने उंची दिली. त्रिज्या पृथ्वीच्या मध्यापासून, उंची जमिनीपासून. ४२,२४१ मधून विषुववृत्ताची ६,३७८ वजा करा. ३५,८६३. झालं.

(बरं, ७७ किलोमीटर जास्त येतात. राऊंडिंग असेल.)

---

कक्षा_कारकून | गुरुवार, दुपारी १:३०

पहिला भाग अगदी बरोबर, पिंपळपान. कंसातला नाही. ७७ किलोमीटर राऊंडिंगने येत नाहीत. मुलीने दिवस २४ तासांचा धरलाय.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते, म्हणजे ८६,१६४ सेकंद. आपला २४ तासांचा दिवस सूर्य पुन्हा डोक्यावर येईपर्यंतचा. तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवती थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून तिला एका अंशाच्या आसपास जास्त वळावं लागतं. उपग्रहाला सूर्याशी देणंघेणं नाही, त्याने जमिनीबरोबर फिरायचंय. म्हणून ८६,१६४ च.

G आणि M न वापरताही ही त्रिज्या काढता येते, मुलीला हे आवडेल. केप्लरचा नियम: काळाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. वरच्या उदाहरणात ६,७७१ किलोमीटरला ५,५४५ सेकंद लागत होते.

```
86164 / 5545 = 15.54
15.54^2 = 241.5
241.5 चे घनमूळ = 6.227
6.227 x 6771 = 42163
```

कटाक्षाने केलं तर ४२,१६४ येतात. वजा ६,३७८, उंची ३५,७८६. पुस्तक बरोबर.

ती ७७ किलोमीटरची चूक प्रत्यक्षात केली तर काय होईल? उपग्रह २४ तासांत फेरी मारेल आणि जमीन त्याच्या चार मिनिटं आधी. म्हणजे तो रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेला मागे पडेल. घरातल्या ६० सेंटिमीटरच्या डिशला साधारण तीन अंशांचा पट्टा दिसतो, दोन्ही बाजूंना दीड-दीड. दोन दिवसांत चित्र गोठायला लागेल. उपग्रह वर्षभरात पृथ्वीला पूर्ण वळसा घालून पुन्हा तुमच्या डोक्यावर येईल, तेव्हा परत दोन-तीन दिवस मालिका बघून घ्या.

---

टोकदार | गुरुवार, दुपारी २:१०

तिथे हवा नाही, मग तुम्ही तिथे बसून ढकलत काय होता इतकी वर्षं?

---

कक्षा_कारकून | गुरुवार, रात्री ९:५०

हा प्रश्न घरचेही विचारायचे.

हवा नाही, पण चंद्र आणि सूर्य आहेत. ते कक्षेचं प्रतल वर्षाला पाऊण-एक अंशाने कलंडवतात. मग उपग्रह दिवसभर उत्तर-दक्षिण झोके घेतो. ते सरळ करायला वर्षाला सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाचं इंधन लागतं, आणि उपग्रहाचं आयुष्य बहुतेक यातच खर्ची पडतं. दुसरं, पृथ्वीचं विषुववृत्त बरोबर गोल नाही. त्यामुळे उपग्रह पूर्व-पश्चिमही सरकतो, आणि सोडून दिलं तर ७५ अंश पूर्व रेखांशाच्या आसपासच्या एका खड्ड्याकडे ओढला जातो. आपले काही उपग्रह ७४ अंशाला आहेत, म्हणजे त्या खड्ड्याच्या काठावरच. तिथे पूर्व-पश्चिमेचं काम फार कमी. त्यात आमची हुशारी काही नाही, भूगोलाची कृपा.

ठरलेल्या रेखांशाच्या दोन्ही बाजूंना ०.१ अंश एवढीच हालचाल चालते. ऐकायला इवलीशी, त्या उंचीवर ती दीडशे किलोमीटरची खोली होते.

आणि निवृत्तीच्या वेळी पुन्हा तोच विरोधाभास. इंधन संपत आलं की उपग्रहाला सुमारे ३०० किलोमीटर वर ढकलून देतात, की जागा मोकळी व्हावी. त्यासाठी त्याचा वेग सेकंदाला एकूण ११ मीटर वाढवावा लागतो, पुढच्या दिशेने. सगळं झाल्यावर मोजा, वेग ११ मीटरने *कमी* झालेला असतो. मी हे पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा माहिती असूनही दोनदा तपासलं.

---

पिंपळपान | गुरुवार, रात्री १०:१५

म्हणजे एकूण ऊर्जा वाढली, गतिज घटली. दोन रुपये उंचीच्या खात्यात गेले, एक इंजिनाने भरला, एक वेगाच्या खात्यातून काढला. बरोबर ना?

---

कक्षा_कारकून | गुरुवार, रात्री १०:२०

बरोबर.

---

चिंगीची_आई | शनिवार, संध्याकाळी ६:४५

अपडेट. लेक धाग्यातला ४०० ते ३०० किलोमीटरचा हिशोब वहीत उतरवून क्लासला घेऊन गेली. सरांनी वाचला, शांतपणे. म्हणाले, "एकूण ऊर्जा म्हणायचं होतं मला." पण उत्तरसूची छापील आहे, गुण बदलणार नाही, आणि परीक्षेत "घर्षण आलं की कमी" एवढं लक्षात ठेव. ती आता म्हणते की परीक्षेत असा प्रश्न आला तर काय लिहायचं? मलाही कळत नाहीये.

---

टोकदार | शनिवार, संध्याकाळी ७:०२

बरोबर ते लिहायचं.

---

पिंपळपान | शनिवार, संध्याकाळी ७:१०

बोर्डाचा पेपर क्लासचे सर तपासत नाहीत. पण क्लासची पुढची चाचणी तेच तपासणार. अवघड आहे.

---

नाना_वाईकर | रविवार, सकाळी १०:०५

कारकूनसाहेबांचं ते तीन अंशांचं वाचून काल गच्चीवर गेलो. डिशचा एक नट ढिला आणि डिश बोटभर खाली झुकलेली. वर माकडाच्या विष्ठेचा पुरावा. पाना घेऊन नातवाला खाली टीव्हीसमोर उभा केला, तो ओरडून सांगेल तसं वर केलं. सगळे चॅनेल आले.

उपग्रह जागेवरच होता म्हणायचा. माकडांचा काही उपाय असेल तर वेगळा धागा काढू का?